टाचणीला खाली आणताना

सकाळी आठच्या सुमाराला धाकट्या भाऊजींच्या हातून शिडी निसटली आणि घराचा सगळा दिवस उलटापालटा झाला.

धाकटे भाऊजी म्हणजे रंगारी. घरं रंगवायचे, बाहेरून, आतून, जिन्यांच्या कोंदट कोपऱ्यांपासून तीन मजली भिंतींच्या टोकापर्यंत. वय चौतीस, लग्न झालेलं नाही, आणि एका जागी बसणं जन्मात जमलेलं नाही. जेवताना उठतील, बोलताना उठतील, सिनेमा बघायला बसले तरी मधेच नळ नीट बंद आहे का बघून येतील. आई म्हणायची, "ह्याच्या पायाला भिंगरी बांधूनच हा जन्माला आलाय."

त्या दिवशी त्यांना कामावर जायची घाई होती. अॅल्युमिनियमची लांब शिडी खांद्यावर, एका हातात रंगाचा डबा, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि मान वाकडी करून मोबाइलवर मुकादमाशी हुज्जत. व्हायचं तेच झालं. शिडी घसरली, फरशीवर धाडकन आदळली, वर डबाही घरंगळत गेला. असा काही खणखणाट झाला की शेजारच्या घरातून कुणीतरी "काय पडलं हो?" म्हणून ओरडलं.

आणि त्याच वेळी पायरीवर उन्हाला बसलेली टाचणी उडाली.

टाचणी म्हणजे घरातली मांजर. खरं तर वहिनींची. वहिनी पुढच्या खोलीत कपडे शिवायच्या. दोन वर्षांपूर्वी पावसात भिजलेलं एक पिल्लू येऊन त्यांच्या शिलाई मशीनच्या पायडलवर बसलं आणि तिथलंच झालं. दहा दिवसांपूर्वी ह्याच बाईसाहेबांनी चिंध्यांच्या खोक्यात तीन पिल्लं घातली. तेव्हापासून वहिनी अस्तराचा तुकडा हवा असला तरी खोक्याला हात लावत नव्हत्या, नवीन कापड फाडत होत्या.

टाचणी अंगण ओलांडून सरळ कुंपणाजवळच्या झाडावर गेली. सरळसोट खोड, पहिली फांदी डोक्याच्या वर दीड माणूस. ती एका दमात त्या फांदीवर, तिथून पुढच्या, तिथून त्याच्याही वरच्या. तिसऱ्या बेचक्यात जाऊन थांबली आणि खाली बघितलं. बघितल्यावर तिला कळलं असावं की आपण काय करून बसलोय. तिने तोंड उघडलं आणि लांबलचक, केविलवाणा आवाज काढला.

भाऊजींनी इकडे तिकडे पाहिलं. अंगणात कुणीच नव्हतं. त्यांनी गुपचूप शिडी उचलून भिंतीला लावली.

"काय झालं भाऊजी?" वहिनी दारात आल्या. गळ्यात मोजपट्टी, तोंडात दोन टाचण्या.

"काही नाही. मांजर झाडावर गेलीय."

"कशी काय?"

"मला काय माहीत? कुत्र्याबित्र्याला घाबरली असेल."

हे बोलताना आपल्याला लाज वाटतेय हे त्यांना कळलं, पण शब्द तोंडातून गेले होते.

वहिनींनी टाचण्या तोंडातून काढून पदराला टोचल्या आणि झाडाखाली गेल्या. "ये गं, ये खाली," असं दोनतीनदा म्हणून बघितलं. टाचणी पुढचे पाय खोडावर टेकायची, डोकं खाली करायची, आपण घसरतोय असं वाटलं की परत मागे.

"डोकं खाली करून उतरायला बघतेय," आई खिडकीतून म्हणाली. आईचे गुडघे गेलेले, त्यामुळे ती खिडकीतूनच कारभार बघायची. "मांजराची नखं मागे वळलेली असतात. वर चढताना धरतात, डोकं खाली केलं की सुटतात. ढुंगण खाली करून उतरायला हवं, ते हिला सुचत नाहीये."

"सुचेल," वहिनी म्हणाल्या. "आपण सगळे आत जाऊ. शांत झाली की येईल. माशाचा तुकडा खोडाशी ठेवते आणि तिची चादर."

हे अगदी शहाणपणाचं होतं. पण भाऊजींना आत जाववेना. ते दारात उभे राहिले, मग पायरीवर, मग परत अंगणात. मुकादमाला "येतो तासाभरात" म्हणून सांगितलं. तेवढ्यात शेजारचे तिघंचौघं जमले. एकाने टाळ्या वाजवल्या. एकाने खडा उचलला, तो वहिनींनी खडसावून टाकायला लावला. एक बाई म्हणाल्या, "पाइपने पाणी मारा, आपोआप उतरेल." आणखी एकजण घरातून चादर घेऊन आले, चौघांनी चार कोपरे धरायचे आणि खाली उभं राहायचं म्हणे. त्यांचा कुत्राही मागोमाग आला आणि भुंकू लागला.

टाचणी आणखी एक फांदी वर गेली.

"बघा, सगळ्यांनी मिळून तिला वर चढवलीत!" वहिनी म्हणाल्या. "कृपा करून घरी जा हो. आणि तो कुत्रा बांधा."

माणसं गेली. अंगण रिकामं झालं. खोक्यातली पिल्लं चिवचिवायला लागली. आधी एक, मग तिन्ही.

त्या आवाजाने भाऊजींनी मोबाइलवर वेळ पाहिली. साडेनऊ वाजले होते. पिल्लांचे डोळे आत्ता कुठे उघडत होते, दर दोनतीन तासांनी त्यांना आई लागायची. आणि आई तिथे वर, कोरड्या घशाने ओरडत.

उंचीची भीती त्यांना ठाऊकच नव्हती. जन्म शिडीवर गेलेला. त्यांनी वहिनी आत गेल्यात एवढं बघितलं, शिडी उचलली, लांब केली आणि खोडाला लावली.

झाड गोल, जमीन भुसभुशीत. शिडीचा एक पाय मातीत रुतला, त्याखाली त्यांनी वीट सरकवली. हे असं कधी करायचं नसतं, हे ते स्वतःच्या हाताखालच्या माणसांना शंभरदा ओरडून सांगत. चढले. पंधरावी पायरी, सोळावी. टाचणी आता त्यांच्या डोक्यापेक्षा फार वर नव्हती. "ये गं राणी," ते म्हणाले आणि हात पुढे केला.

टाचणीने त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू आयुष्यात कधी बघितलेलंच नाही. फिसकारली. वळली आणि झाडाच्या शेंड्याकडे निघाली. शेवटी कुंपणाबाहेर झुकलेल्या एका बारीक फांदीवर जाऊन चिकटली. त्या फांदीच्या खाली, जेमतेम हातभर अंतरावरून, रस्त्यावरच्या खांबातून घरात येणारी विजेची तार गेली होती.

"भाऊजी!"

वहिनी दारात उभ्या होत्या. एका हातात पिल्लू, दुसऱ्या हातात मोबाइल कानाला.

"खाली उतरा."

"अहो, एवढीशी लांब राहिलीय..."

"साहेब विचारतायत शिडी कसली आहे. अॅल्युमिनियमची, हो साहेब. तार? तार झाडातूनच गेलीय." त्यांनी ऐकलं आणि मोबाइल स्पीकरवर टाकला.

"शिडीवर कोण आहे?" अग्निशामक केंद्रावरच्या माणसाचा आवाज शांत होता, पण त्यात ऐकून घ्यायची तयारी नव्हती. "आधी खाली या. सावकाश, शिडी हलू न देता. तारेवर वेष्टण आहे का नाही, हे बघायला जाऊ नका. जिवंतच समजायची. धातूची शिडी त्या झाडापाशी पुन्हा न्यायची नाही."

भाऊजी उतरले. शिडी आडवी करून मागच्या भिंतीशी नेऊन ठेवली.

"आता सांगा. कधीपासून वर आहे?"

"सकाळी आठपासून," वहिनी म्हणाल्या.

"एवढ्यासाठी एरवी मी थांबाच म्हटलं असतं. धडधाकट मांजर बहुतेक वेळा स्वतः उतरते. गर्दी हटवायची, खाली खायला ठेवायचं, वाट बघायची. दिवस उलटला तरी उतरली नाही की मग फोन. पण तुमच्याकडे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जवळ तार आहे आणि तिची पिल्लं दुधावर आहेत. जखमी असती, पिल्लू असतं, कडक ऊन किंवा वादळ असतं, तरी थांबा म्हटलं नसतं."

"मग तुम्ही येताय ना?" भाऊजी मध्येच म्हणाले.

"आमची मोठी शिडी गोदामाच्या आगीवर गेलीय, कधी सुटेल सांगता येत नाही. आधी वीज कार्यालयाला फोन करून त्या तारेचा पुरवठा बंद करून घ्या. त्यांचा माणूस येऊन सांगेपर्यंत कुणी झाडाला हात लावायचा नाही. आणि मी तुम्हाला एक नंबर देतो. बाई झाडं छाटतात, दोरावर चढतात. अशी पुष्कळ मांजरं उतरवलीत."

नंबर वहिनींनी खडूने कापडावर उतरवून घेतला.

मग सुरू झालं वाट बघणं. भाऊजींना ह्यापेक्षा दिवसभर छत घासायला लावलं असतं तरी चाललं असतं. वीज कार्यालयाने तक्रार नोंदवली, "माणूस निघेल" म्हणाले. निघाला का, हे विचारायला भाऊजींनी अर्ध्या तासात तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा पलीकडची बाई म्हणाली, "तुमचा आवाज आता मला पाठ झालाय हो दादा." झाडवाल्या बाईंना फोन केला. त्या दुसऱ्या गावी एका कारखान्याच्या आवारात होत्या, तीनपर्यंत येते म्हणाल्या. मग विचारू लागल्या: किती उंच? खोड केवढं? फांदी वाळकी आहे का? मांजर हलतेय का, ओरडतेय का, तोंड उघडं ठेवून धापा टाकतेय का?

"ओरडतेय. धापा नाही टाकत."

"कोण कोण चढलं होतं मागे?"

"मी. शिडीने."

"म्हणूनच शेंड्याला गेली. आता कुणी चढू नका."

"पिल्लांना झाडाखाली आणून ठेवू का? आवाज ऐकून उतरेल."

"नको. आवाज ऐकून घाईने उडी मारू शकते. एवढ्या उंचावरून पडली तर जबडा नाहीतर पाय मोडेल. खिडक्या लावून घ्या, तिच्या कानावर जाऊ देऊ नका."

वहिनींनी खिडक्या लावल्या. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून भाऊजींनी सायकल मारत पिल्लांच्या दुधाची पावडर आणि ड्रॉपर आणला. साधं दूध अजिबात नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पिल्लांना तान्ह्या बाळासारखं उताणंही धरायचं नाही, पोटावर ठेवूनच थेंब थेंब पाजायचं. वहिनी मशीनसमोर मांडी घालून बसल्या, मांडीवर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळलेली, तिच्यावर एकेक पिल्लू. दोन पिल्लं चुटुचुटु प्यायली. तिसरं, सगळ्यांत बारीक, तोंड फिरवत राहिलं.

"मी काय करू?" भाऊजींनी विचारलं.

"बसा."

"बसतोच आहे."

"उभे आहात तुम्ही."

ते बसले. मग उठले. खिडकीच्या फटीतून पाहिलं. टाचणी तिथेच होती. आता ओरडणं थांबलं होतं, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटत होतं.

"वहिनी."

"हं."

"कुत्रा नव्हता."

वहिनींनी मान वर केली नाही. पिल्लाच्या तोंडाशी ड्रॉपर तसाच धरून ठेवला.

"शिडी माझ्या हातून पडली. मी मोबाइलवर होतो. तिच्याजवळच पडली. आणि नंतर मी परत चढलो म्हणून ती तारेकडे गेली. सगळं मीच केलंय."

"आवाज मी ऐकला होता भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "घराला काय कान नाहीत? मी वाट बघत होते, तुम्ही कधी बोलताय त्याची." मग पुढे म्हणाल्या, "मला राग आलाय. खूप आलाय. पण तो उद्या काढीन. आत्ता ही पिशवी गार झालीय, पाणी गरम करून आणा."

त्यांनी पाणी गरम करून आणलं. मुकादमाला फोन करून सांगितलं की आज येत नाही. पलीकडून जे काही ऐकू आलं ते त्यांनी निमूट ऐकून घेतलं.

दीडच्या सुमाराला वीज कार्यालयाचा माणूस आला. त्याने खांबावरून घराची जोडणी सोडवली, यंत्र लावून तार मेल्याची खात्री केली आणि म्हणाला, "काम झालं की मला फोन करा. तोवर अंधारात." तीनला झाडवाल्या बाई आल्या.

भाऊजींच्या डोक्यात कुणीतरी धिप्पाड माणूस होता. आल्या त्या चाळिशीच्या, सडसडीत, केस घट्ट बांधलेल्या. गाडीतून दोरांची दोन वेटोळी, कमरपट्टा, शिरस्त्राण आणि एक कापडी पिशवी काढली. पण झाडाकडे लगेच गेल्याच नाहीत. लांबून, हाताची घडी घालून पाच मिनिटं नुसत्या बघत राहिल्या.

"काय बघताय?" भाऊजींना राहवेना.

"ती कुठल्या बाजूने पळेल ते." मग त्यांच्याकडे बघून, "तुम्ही शिडीवाले ना? तुम्हाला एक काम आहे. पिशवी खाली येईल ती धरायची. तोपर्यंत इथे उभं राहायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच. बघू जमतंय का."

त्यांनी वजन बांधलेली बारीक दोरी टाचणीपासून लांबच्या, जाडजूड बेचक्यातून पहिल्याच फेकीत पलीकडे टाकली. तिच्यामागून मोठा दोर ओढून घेतला, दोनदा अंगाचा भार टाकून तपासला, आणि सावकाश वर निघाल्या. एकेक हात, एकेक पाय. टाचणी टक लावून बघत होती. बाई तिच्याकडे बघतच नव्हत्या. तिच्या पातळीच्या थोडं खाली, खोडाजवळच्या जाड फांदीवर त्या टेकल्या, दुसरा दोर खोडाला अडकवला आणि बसल्या. टाचणीपर्यंत अजून दोन हात अंतर होतं, आणि मधली फांदी मनगटाएवढीच.

पुढे काहीच झालं नाही. बाईंनी खिशातून माशाचा डबा काढला, उघडला, फांदीवर ठेवला. आणि बसून राहिल्या. बारीक आवाजात काहीतरी पुटपुटत होत्या.

पाच मिनिटं. दहा. भाऊजींच्या पोटऱ्या भरून आल्या. नाकावर माशी बसली. एकदा टाचणीचा मागचा पाय सुटला, सालीचा तुकडा खाली आला. त्यांच्या तोंडातून हाक येणारच होती, त्यांनी दात आवळले. "हात लांब करा ना, पकडा ना," असं डोक्यात नुसतं घणघणत होतं. सकाळी आपण हेच केलं, हात लांब केला, हे त्यामागून आठवलं. एकाच जागी उभं राहणं हेसुद्धा काम असतं आणि ते रंगकामापेक्षा अवघड असतं, हे त्यांना त्या झाडाखाली चौतिसाव्या वर्षी कळलं.

विसाव्या मिनिटाला टाचणीने नाक पुढे केलं. मग एक पंजा. मग वीतभर सरकली, थांबली, परत सरकली. बाईंनी डबा बोटाने आपल्याकडे ओढला. टाचणीने डब्यात तोंड घातलं. बाईंनी ती कापडी पिशवी उलटी करून हातमोज्यासारखी आधीच हातावर चढवली होती. तोच हात तिला हुंगू दिला, कानामागे खाजवलं, मानेवरून फिरवला. आणि एका क्षणात मानेची सैल कातडी पक्की धरली, दुसऱ्या हाताने पिशवी तिच्या अंगावरून सुलटी केली, नाडी ओढली. पिशवी रागाने फुगली, गुरगुरली.

"येतेय," बाई पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या.

दोराला अडकवलेली पिशवी हळूहळू खाली आली. भाऊजींनी दोन्ही हात वर करून घेतली. केवढी हलकी! आत एक हृदय धडधडत होतं, आणि त्यांचंही.

"इथे उघडू नका!" वरून आवाज आला. "घरात न्या. दारंखिडक्या लावा आणि मग."

वहिनींनी शिवणाच्या खोलीचं दार लावून घेतलं. भाऊजींनी पिशवी फरशीवर ठेवून नाडी सोडली आणि मागे सरकले. टाचणी बाणासारखी सुटली ती थेट कपाटाखाली. पिल्लांच्या खोक्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"आता?" भाऊजी कुजबुजले.

"पाण्याची वाटी ठेवायची, आणि आपण गप्प."

बाहेर बाईंनी दोर गुंडाळले. जाताना आईच्या खिडकीशी थांबून म्हणाल्या, "वरवर बरी दिसली तरी डॉक्टरांना आजच दाखवा. पंजे सोलवटलेत तिचे." वीज परत आली तेव्हा साडेपाच वाजले होते.

डॉक्टर घरी आले, कारण वहिनींनी मांजराला पुन्हा कशात कोंबायला साफ नकार दिला. दोन नखं मुळातून तुटलेली, एका तळव्याला चीर, अंगात पाणी कमी. हाड मोडलेलं नाही. औषध लावलं, कातडीखाली सुईने पाणी दिलं. बारक्या पिल्लाला त्यांनी हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. "हे आजची रात्र कसं काढतं बघू. ऊब द्या."

डॉक्टर गेले. संध्याकाळचं तिरकं ऊन फरशीवर आलं. टाचणी कपाटाखालून अर्धी बाहेर आली, पाणी प्यायली, पुष्कळ प्यायली. मग लंगडत खोक्याशी गेली आणि काठावर पुढचे पाय ठेवून उभी राहिली. भाऊजी भिंतीला टेकून बसले होते, पाय लांब करून, सकाळपासून पहिल्यांदाच.

ती आत उतरली. मोठी दोघं लगेच लुचायला लागली. बारकं चिंध्यांमध्येच चाचपडत राहिलं. टाचणीने त्याला पाठीपासून डोक्यापर्यंत चाटलं, जोरजोरात, जणू रागावून. मग नाकाने ढकललं. बारक्याने एकदा तोंड फिरवलं. दुसऱ्यांदा धरलं.

वहिनींनी मशीनवर हात टेकून डोळे मिटले. "प्यायलं?" आईने पलीकडच्या खोलीतून विचारलं. "प्यायला लागलं," त्या म्हणाल्या.

भाऊजी बघत राहिले. पिल्लाच्या पोटाची बारीक हालचाल दिसत होती, आत, बाहेर, आत. बराच वेळ ते तिथून उठले नाहीत.